कथा: चिठ्ठी (शेवटाबद्दल मत हवंय)

मोहोर_ब

नमस्कार मंडळी. मी एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ही कथा तशी आमच्याच शाळेच्या अंगणातली आहे. मुलाचं नाव बदललंय, गावाचं दिलेलं नाही. कथा लिहून झाली, पण शेवटापाशी मी अडकले आहे. आधी कथा वाचा, प्रश्न खाली लिहिते.

शाळा सुटून तास झाला होता. बाईंनी पाठकोरा कागद पुढे ओढला. मागच्या बाजूला पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब होता.

"मा. पालक, स. न. वि. वि. आपला पाल्य चि. ओंकार, इयत्ता ४ थी, हा भाषा विषयात अप्रगत असून..."

'अप्रगत'पाशी पेन थांबलं. हा शब्द शाळेत येतो तो तक्त्यांमधून. प्रगत किती, अप्रगत किती, बेरीज वर पाठवा. ओंकारच्या आईला तो कोण समजावून सांगणार? बाईंनी ओळ खोडली.

सकाळी तिसऱ्या तासाला ओंकार पाठ वाचत होता. आवाज खणखणीत, एकही अडखळ नाही. बोट ओळीखालून सरकत होतं. बाई त्याच्या मागून जात होत्या म्हणून त्यांना दिसलं. पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. तो वाचत होता त्या पाठाचं चित्र पुढच्या पानावर होतं. बाई काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि तिसरीच्या जुन्या पुस्तकातला, वर्गात कधीच न घेतलेला एक परिच्छेद पुढे ठेवला. ओंकारनं आधी चित्र पाहिलं. मग म्हणाला, "बाई, डोकं दुखतंय."

तरी तो बसला. 'कविता'चं त्यानं 'किवता' केलं. 'हरिण' त्याला 'हिरण' दिसलं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी असते आणि बोलायची मात्र नंतर. तो ती मागच्या अक्षराला चिकटवत होता. 'घर'चं 'धर' झालं, 'भात'चं 'मात'. जोडाक्षर आलं की तो सरळ पुढे उडी मारायचा. 'ओढा' या शब्दातला 'ओ' त्याला ओळखता आला नाही. आणि वहीच्या वेष्टनावर त्यानं स्वतःच्या हातानं 'ओंकार' लिहिलं होतं, वळणदार, अनुस्वारासकट. ते त्याला चित्रासारखं पाठ होतं.

दुसरा कागद. "ओंकारला वाचता येत नाही."

चारच शब्द, आणि खरे. पण ओंकारच्या घरी भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याचं तिसरीचं प्रगतिपुस्तक लावलेलं आहे हे बाईंना माहीत होतं. त्यावर भाषेपुढे ब-१ आहे. अक्षर बाईंचं, सहीही बाईंचीच.

तिसरा कागद. "ओंकार गुणी मुलगा आहे. त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. पण..." पालकसभेत असे 'पण' बाईंनी शेकड्यांनी वापरले होते. आई 'पण'च्या आधीचं तेवढं घरी नेते, बाप 'पण'च्या नंतरचं. तो कागदही बाजूला गेला.

चौथा कागद लांबला. तिसरीत शंभरातले साठ गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. तोंडी काम, प्रकट होणं, उपक्रम, प्रकल्प. त्यात ओंकार वर्गात पहिला. उरलेल्या चाळिसातही थोडं तोंडीच. लेखीला शेजारच्याचं पाहून त्यानं लिहिलं असणार, कारण पाहून लिहिणं त्याला सुरेख जमतं. हे सगळं बाईंनी लिहून काढलं आणि खाली लिहिलं, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही." मुख्याध्यापक कुलूप घेऊन दारात आले होते. त्यांनी वाचलं. म्हणाले, "मॅडम, तोंडी काय सांगायचं ते सांगा. हे लेखी नको."

पाचव्या कागदावर एक मोठा इंग्रजी शब्द आला, देवनागरीत. प्रशिक्षणात ऐकलेला. तो लिहिल्यावर बाईंना क्षणभर हलकं वाटलं, जणू आता चूक कुणाचीच नाही. म्हणूनच त्यांनी तो खोडला. मी डॉक्टर नाही, त्या स्वतःशी म्हणाल्या.

सहावा कागद पुढे ओढताना त्यांना ऑगस्टमधली चिठ्ठी आठवली. पालकसभेची. ओंकारची आई आलीच नव्हती. पुढे बाजारात भेटली तेव्हा पदर सावरत हसून म्हणाली होती, "तुमची चिठ्ठी पोचली बाई. ओंकारनंच वाचून दावली. तुम्ही लिवलंय की पोरगं लई हुशार हाय, नवोदयला बसवा. आम्ही तालुक्याच्या क्लासात नाव घातलं. सहा हजार भरले." बाईंना वाटलं, आधीच्या कुणा शिक्षकांनी सांगितलं असेल. त्या हसल्या होत्या आणि भाजी घेऊन घरी गेल्या होत्या.

आईला अक्षर येत नाही. बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात येणारा प्रत्येक कागद वाचायचं काम ओंकारचं.

बाई बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी त्याला येतं तेवढं मोजलं. साधी अक्षरं, काना, मात्रा, दुसरी वेलांटी. जोडाक्षर नको. रफार नको. पहिली वेलांटी नको. उकार नको, म्हणजे 'उद्या' गेला आणि 'तुमच्या'ही गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्यांनी ओंकारला थांबवलं आणि चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. "वाच. मी कुठे जात नाही."

"आ...ज. आज. बा...ई. बाई." मग तो थांबला. "ध...री." बोट तिथेच. "धरी नाय. घरी. आज बाई घरी... ये...णार. चहा कर." त्यानं वर पाहिलं. "बाई, खरंच येणार?"

"तू वाचलंस ना? मग खरं."

ओंकार पळत सुटला. बाईंनी पायात चपला सरकवल्या.

इथे कथा संपते. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, बाईंनी पळवाट काढली. सहा वेळा लिहूनही सत्य सांगितलंच नाही, चहा मागितला. मला ते लागलं. तुम्हाला काय वाटतं? सत्य चिठ्ठीत यायला हवं होतं का?

सायली_देशपांडे_नाही

ऑगस्टच्या चिठ्ठीपाशी मी वाचायची थांबले. पुन्हा वर जाऊन बाजारातलं बोलणं वाचलं. तोपर्यंत मला कथा बाईंची वाटत होती. तिथून ती त्या मुलाची झाली. नऊ वर्षांचं पोर घरात येणारा प्रत्येक कागद हातात घेऊन आईसमोर उभं राहतं आणि मनातून रचून सांगतं. किती घाबरत असेल.

पळवाट वाटली नाही. पण बाई घरी जाऊन काय बोलणार हे तुम्ही लिहायचं टाळलंय असं मात्र वाटलं. बाईंनी नाही, तुम्ही.

कृष्णाकाठ

ताई, शाळा कुठली आहे? मुलाला ऐकायला कमी येतं का? माझ्या भाच्याचं असंच होतं, कान फुटला होता. अशा शिक्षकांची गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायला पाहिजे. तिसरीपर्यंत लक्षातच आलं नाही म्हणजे काय?

मोहोर_ब

कृष्णाकाठ, ही कथा आहे. पण तुमचा राग रास्त आहे, तो मी ठेवून घेते.

नाना_फ

स्पष्ट बोलतो. मूळ दोष ढकलगाडीचा. २००९च्या कायद्यानं आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हटलं आणि पोरं अशीच वर सरकली. आमच्या वेळी या मुलाला दुसरीतच बसवून ठेवलं असतं, एक वर्ष जास्त घेतलं असतं आणि वाचायला लागला असता. चिठ्ठीत एवढंच लिहा: चौथीत पुन्हा बसवत आहोत.

रेघोट्या

नाना, कायदा २०१९ साली बदललाय. आपल्याकडे आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर आधी पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. चौथीत बसवता येत नाही.

पण तो मुद्दा दुय्यम आहे. मी विशेष शिक्षिका आहे, बारा वर्षं तालुक्याच्या शाळा फिरते. ओंकारसारखी मुलं एकाच वर्गात दोनदा बसलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या वर्षी ती पुस्तक आणखी चांगलं पाठ करतात. बाकी काही बदलत नाही. ज्या पद्धतीनं एकदा शिकवून आलं नाही, त्याच पद्धतीनं पुन्हा शिकवलं तर येत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला अध्ययन अक्षमता नसते. पुष्कळांना नीट शिकवलेलंच नसतं. गैरहजेरी, दोन वर्गांना एक शिक्षक, पहिलीत बदललेली तीन माणसं. दोन्ही मुलं वरून सारखीच दिसतात. ओळखायची साधी वाट म्हणजे दोन-तीन महिने रोज वीस मिनिटं त्याला एकट्याला, पायरीपायरीनं शिकवायचं आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. नुसतं शिकवायचं राहिलेलं असेल तर मूल भराभर पुढे जातं. दुसऱ्या मुलाला आज आलेली पहिली वेलांटी सोमवारी पुन्हा नवी असते.

कथेतल्या बाईंनी पाचव्या कागदावरचा शब्द खोडला ते म्हणूनच योग्य. त्यांनी तो भल्या मनानं खोडला, पण कारण याहून मोठं आहे. शिक्षकाला तो शब्द लिहायचा अधिकारच नाही. आधी डोळे, मग कान (कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न चुकीच्या जागी आला, पण तो बरोबर होता), मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. शिक्षकाला प्राथमिक चाळणी करता येते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेलं 'दाली' नावाचं साधन मराठीतही आहे, त्यात तिसरी ते पाचवीसाठी वेगळा भाग आहे. पण ती चाळणीच, निदान नव्हे.

अबोली_मस्कत

मी हा धागा दोनदा उघडून बंद केला. आता लिहिते.

माझी मुलगी पुण्यात इंग्रजी शाळेत होती, दुसरीत. दिवाळीच्या आधी तिच्या डायरीत एक ओळ आली, शाळेच्या समुपदेशकांना येऊन भेटा. कारण नाही, काही नाही. ती ओळ मी मुलीला शाळेत सोडून गाडीत बसल्यावर वाचली आणि चार दिवस, भेट होईपर्यंत, मी काय काय कल्पना केल्या ते सांगत नाही. कोणी हात लावला का, कोणाला मारलं का. त्या मानाने निघालं ते लहान होतं. म्हणून 'बाई घरी येणार' वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. त्या आईला चहाचं आधण ठेवताना काय वाटलं असेल?

आणि दुसरं. मला तोंडी सांगितलेलं माझ्या नवऱ्याला पटलं नाही. तो म्हणाला, बाईंना शिकवायचा कंटाळा आलाय. शेवटी शाळेनं एक पानभर लिहून दिलं तेव्हा तो रुग्णालयात आला. तिथेही पहिल्यांदा हेच मागितलं: शाळेचं पत्र, वह्या, आधीची प्रगतिपुस्तकं. तोंडी सांगितलेलं घरातल्या घरात विरून जातं. तुमच्या कथेतला बाप महिन्यातून दोनदा येतो. त्याला काय सांगणार ती?

मोहोर_ब

अबोली, बापाचा विचार मी केलाच नव्हता. कथेत तो फक्त घरी नसावा म्हणून ट्रकवर बसवला होता. धन्यवाद.

आता एक कबूल करते. ओंकारनं चिठ्ठी वाचली तिथपर्यंतचं जवळजवळ सगळं घडलेलं आहे. पण त्याच्या हातून ती मी परत घेतली. म्हटलं, "नंतर देते." ती माझ्या टाचणवहीत आहे. पळत सुटणं, चपला सरकवणं मी लिहिलं. केलं नाही. नऊ दिवस झाले.

रेघोट्या

असू दे. नऊ दिवस फार नाहीत.

मला वाटतं तुमच्या सहा कागदांचा घोळ असा झालाय की तुम्ही एकाच चिठ्ठीत दोन माणसांशी बोलायला बघत होतात. एक आई आणि एक डॉक्टर. आईपाशी स्वतः जा. पत्र लिहा ते डॉक्टरांसाठी, आणि बापालाही तेच दाखवता येईल. त्या पत्रात मत नको, विशेषण नको, 'पण' नको. काय पुढे ठेवलं, त्यानं काय केलं, एवढंच. तुमच्या कथेत ते आहेच, 'किवता' आणि 'हिरण'. ते कोणत्याही 'अप्रगत'पेक्षा जास्त सांगतं.

मोहोर_ब

सातवा कागद. इथेच लिहिते, दुरुस्त करा.

"चि. ओंकार, वय ९ वर्षे ४ महिने, इयत्ता ४ थी. मराठी माध्यम, घरची भाषा मराठी. पहिलीपासून याच शाळेत, हजेरी चांगली. न शिकवलेला सहा ओळींचा परिच्छेद वाचायला दिला असता पहिल्या दोन ओळींना सुमारे चार मिनिटे लागली. पुढे वाचण्यास नकार. पहिली वेलांटी मागील अक्षरास जोडतो (कविता - किवता, हरिण - हिरण). घ-ध, भ-म यांत गोंधळ. जोडाक्षरे व रफार वगळतो. तोच परिच्छेद मी वाचून दाखवल्यावर पाचपैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरे तोंडी दिली. फळ्यावरून पाहून लिहिलेले अचूक. तेच शब्द सांगून लिहायला दिले असता दहापैकी दोन बरोबर. तोंडी हिशेब चांगला, शाब्दिक उदाहरण स्वतः वाचून सोडवता येत नाही."

रेघोट्या

उत्तम. "मी वाचून दाखवल्यावर पाचपैकी पाच" ही ओळ वर घ्या. बापानं आधी ती वाचली पाहिजे. पोरगं ढ नाही हे त्या ओळीत आहे, आणि ते तुम्ही म्हटलेलं नाही, मोजलेलं आहे. दोन वह्यांची पानं जोडा, एक फळ्यावरून उतरवलेलं आणि एक शुद्धलेखनाचं. शेजारी शेजारी.

नाना_फ

हे पत्र चांगलं आहे. मान्य. पण तिसरीचा ब-१ यात कुठे आहे? डॉक्टर प्रगतिपुस्तक बघणार आणि विचारणार, मागच्या वर्षी ब-१ आणि यंदा वाचता येत नाही, मधल्या काळात डोक्याला मार लागला का?

रेघोट्या

नाना, हा प्रश्न खरोखर विचारतात. आलेलं कौशल्य गेलं असेल तर तपास वेगळ्याच दिशेनं जातो. त्यामुळे एक ओळ हवी: "तिसरीतील श्रेणी प्रामुख्याने तोंडी कामावर आधारित आहे." ते खरंही आहे.

मोहोर_ब

आणि "माझ्या लक्षात आलं नाही" हे?

रेघोट्या

ते डॉक्टरांना कशाला? त्याचा उपचाराशी संबंध नाही.

सायली_देशपांडे_नाही

डॉक्टरांना नको, पण आईला हवं. मी आग्रहानं म्हणते. भिंतीवर ते प्रगतिपुस्तक आहे. तुम्ही ते चुकीचं होतं असं म्हटलं नाहीत तर आई एकच अर्थ काढेल, की तिसरीपर्यंत पोरगं चांगलं होतं आणि आता बिघडलं. मग ती त्याला मारेल.

रेघोट्या

तुमचं खरं असेल. पण मी असंही पाहिलंय की शिक्षकानं चूक कबूल केली आणि पुढचं सगळं बोलणं त्या चुकीभोवतीच फिरलं. सरपंच आले, शाळा समितीची बैठक झाली, मूल तिथेच राहिलं. मला याचं एकच उत्तर देता येत नाही.

वायरमन_विठू

मी सहसा फक्त वाचतो. मला टाइप करायला वेळ लागतो.

मी तो मुलगा आहे. म्हणजे तसा. माझी आजी शाळेत गेली नव्हती आणि मामाची पत्रं मी वाचून दाखवायचो. येत नव्हतं. मला कळलं होतं की पत्रात आधी तब्येत असते, मग पाऊस, मग पैसे. त्याच क्रमानं सांगायचो. एकदा मामा आजारी असल्याचं पत्र आलं आणि मी सगळे खुशाल आहेत म्हणून वाचलं. आजीला महिन्यानं कळलं. तिनं मला काही म्हटलं नाही. पण नंतर पत्र आलं की ती शेजारच्या काकूंकडे घेऊन जायची. माझ्यासमोरून.

ते अजून लागतं. मी आज चाळीस वर्षांचा आहे, मला परवाना आहे, माझ्या हाताखाली तीन मुलं काम करतात. नवीन मीटरचं पुस्तक अजून मुलगी वाचून दाखवते.

ताई, तुम्ही आईला काहीही सांगा, पण ऑगस्टच्या चिठ्ठीचं सांगू नका. त्याला खोटारडा ठरवू नका. आणि घरचे कागद त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देऊ नका. लहान लहान द्या. तुम्ही दिला तसा. तो सहा शब्दांचा कागद फार मोठा आहे. तो त्याला देऊन परत घेतला हे बरं केलं नाही.

अबोली_मस्कत

विठूदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

पण सहा हजार? ऑगस्टची चिठ्ठी लपवली तर आईला वाटणार की नवोदयचं बाईंनीच सांगितलं होतं. मग बाईंनी आधी बसवा म्हटलं आणि आता वाचता येत नाही म्हणतात, असं होईल. परीक्षा पाचवीत आहे, दोन तासांत ऐंशी प्रश्न, त्यात भाषेचे उतारे. ती आशा बाईंच्या नावावर उभी आहे.

वायरमन_विठू

असू दे बाईंच्या नावावर. बाई मोठ्या आहेत.

मोहोर_ब

तीन दिवस इथे आले नाही. सांगते.

परवा चिठ्ठी दिली. तीच, टाचणवहीतली. तो म्हणाला, "ही मागचीच हाय." म्हटलं, "हो, आज खरी." तो पुढे, मी मागे.

आई अंगणात तूर निवडत होती. ओंकारनं दारातच उभं राहून वाचली. 'घ'ला या वेळी थांबला नाही, 'ये'ला थांबला. आई म्हणाली, "एवढंच?" कागद लहान आहे हे तिला दिसत होतं.

चहा झाला. ओंकारला म्हटलं, तूही बस. सायली, तुमचं ऐकलं. भिंतीवरचं प्रगतिपुस्तक काढायला सांगितलं, मांडीवर घेतलं आणि ब-१ वर बोट ठेवून म्हटलं, "हे मी दिलंय, ते त्याच्या बोलण्याला दिलंय. वाचण्याला मी नीट पाहिलंच नाही. चूक माझी." मग सातवा कागद वाचून दाखवला, रेघोट्यांनी सांगितलेली ओळ आधी. आई 'किवता' ऐकून हसली, मग थांबली. ओंकार जमिनीकडे बघत होता. 'पाचपैकी पाच'ला त्यानं मान वर केली.

तिनं एकच प्रश्न विचारला. "मग क्लासचे पैसे माघारी मिळतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, मी विचारते. क्लासवाल्यांशी बोलले. अर्धे देतो म्हणाले आहेत, अजून दिलेले नाहीत. ऑगस्टच्या चिठ्ठीचं मी काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. तिला कळलं असेल की नाही, मला ठरवता येत नाही. निघताना तिनं प्रगतिपुस्तक पुन्हा पिशवीत घातलं आणि त्याच जागी लावलं.

बापाला सातवा कागद दाखवायचाय. तो रविवारी येणार आहे.

कथेचा शेवट मात्र बदलणार नाही. पुढचं हे त्या घराचं आहे, कथेत घालावंसं वाटत नाही.

रेघोट्या

कान-डोळ्यांचं काय?

मोहोर_ब

डोळे तालुक्याला पाहिले, चांगले आहेत. कानासाठी मंगळवारी जिल्हा रुग्णालयात जातोय, मी, आई आणि तो. एसटी सातची आहे. गाडीची पाटी वाचायचं काम त्याच्याकडे दिलंय. गावाच्या नावात जोडाक्षर आहे, म्हणून आजपासून रोज ते एकच घेतोय.

वायरमन_विठू

पाटीचा रंग पण सांगून ठेवा. मी तसंच ओळखायचो.